ध्रुव गप्प उभा राहतो

वांकिडीच्या आमच्या सप्ताहात यंदा हरिपाठ आणि कीर्तनाच्या मधली दहा मिनिटं मुलांना मिळाली. ध्रुवाची गोष्ट ठरली, लिहिणं माझ्याकडे आलं.

भागवताच्या चौथ्या स्कंधात ही कथा आठव्या अध्यायापासून बाराव्यापर्यंत चालते. यक्षांशी झालेलं युद्ध मी सरळ वगळलं आणि तीनच प्रवेश ठेवले: बापाची मांडी, नारदाची भेट, मधुवन.

पहिल्या खर्ड्यात सुरुची लांबलचक बोलत होती. तालमीत पोरगी अडखळली, बसलेले कुजबुजू लागले. मग तिला एकच वाक्य ठेवलं, "इथं बसायचं तर माझ्या पोटी जन्म घ्यायचा होतास!" उत्तानपाद काहीच बोलत नाही. मुळातही तो गप्पच आहे, आणि खरी चीड त्या गप्प बसण्याचीच येते.

माईक एकच, म्हणून कथा निवेदकाने सांगायची. बाकीच्यांची वाक्यं सात-आठ शब्दांची. तेलुगू शाळेतल्या मुलांना देवनागरी वाचणं जड जात होतं, त्यांना तेच मराठी संवाद तेलुगू लिपीत लिहून दिले.

शेवटी ध्रुवाला मी चार ओळींची स्तुती दिली होती. पोरगा रोज विसरायचा. पुन्हा मूळ कथा पाहिली तर तिथे देव समोर आल्यावर पाच वर्षांच्या ध्रुवाला शब्दच सुचत नाहीत. देव त्याच्या गालाला शंख लावतो, तेव्हा वाचा फुटते. चारही ओळी खोडल्या. लिहिलं: गप्प उभं राहा, मनात पाच मोज, शंख लागला की मृदंग आणि सगळ्यांचा गजर.

पोराने घाईत तीनच मोजले.