वेष्टनावरील बारीक अक्षरे आणि वैद्याची छोटी यादी

हल्ली रुग्ण पथ्य विचारताना खरेदीच्या ॲपवरील घटकयादीचा स्क्रीनशॉट पाठवितात आणि ‘हे चालेल का?’ एवढेच विचारतात. उत्तर देण्यापूर्वी त्या यादीतून दोन-चार नावे वेगळी काढून लिहावीत, असे आम्हांस वाटते.

तमकश्वासाच्या एका रुग्णास सायंकाळच्या चहानंतर खोकला व छातीत घुरघुर होत असे. दुधावर संशय धरून आम्ही दूध बंद केले. उपयोग झाला नाही. पुढे त्यांच्या नित्याच्या बिस्किटाचा स्क्रीनशॉट आला. मैदा, साखर, पामतेल, फुगविणारे पदार्थ ५०३ व ५००, दुधाची भुकटी, मीठ, इमल्सिफायर ३२२ (सोया), आणि अगदी शेवटी ‘डो कंडिशनर २२३’. हा २२३ म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट. तो येथे टिकविण्यासाठी नसून मैद्याचा ताण मोडून कणीक सैल करण्यासाठी असतो. म्हणूनच ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ हा शब्द शोधणाऱ्याच्या नजरेतून तो सुटतो. २२० ते २२८ हे सर्व क्रमांक सल्फाइट कुळातील असून काही श्वासरुग्णांस ते बाधतात.

आमची यादी चारच शब्दांची झाली: गहू, दूध, सोया, सल्फाइट. ५०३ व ५०० आम्ही गाळले. ते अमोनियम व सोडियमचे खार, या रुग्णाच्या तक्रारीशी त्यांचा संबंध नाही. प्रत्येक क्रमांकास ‘केमिकल’ म्हणून लाल खूण करण्याची सवय आपल्यांत आहे. तशा यादीतून रुग्णास काहीच कळत नाही. बिस्किट बंद केल्यावर दोन आठवड्यांत खोकला उतरला. पोळी चालूच होती, म्हणजे गहू सुटला. दूध आधीच सुटले होते. सोया की सल्फाइट, हा प्रश्न मात्र उरला. सोयाबीनची भाजी निर्बाध पचली, तेव्हा सल्फाइटवरील संशय बळावला. अर्थात यास आम्ही सिद्धता म्हणत नाही.

२०२० च्या लेबलिंग नियमांनुसार किलोमागे १० मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट असल्यास ते ॲलर्जीकारक म्हणून घोषित करावे लागते. ही ‘कंटेन्स’ची ओळ घटकयादीच्या खाली असते आणि स्क्रीनशॉटमध्ये नेमकी तीच कापली जाते. ‘मे कंटेन’ ही सूचना निराळी. ती कारखान्यातील संभाव्य मिसळीची असल्याने यादीत वेगळी लिहावी. अंधुक चित्रात २२३ चा ३२२ वाचला जातो, तेव्हा क्रमांकासोबतचा शब्दही पाहावा: इमल्सिफायर की डो कंडिशनर? शिवाय ॲपवरील चित्र जुन्या मालाचे असू शकते. शंका असल्यास हातातल्या पुड्याचे, वरपासून खालपर्यंतचे छायाचित्र मागवावे.

औषधालयचालकांस एक विनंती. श्वासाच्या रुग्णास आपण मनुका सांगतो आणि दुकानातून त्याच्या हाती पिवळाधमक बेदाणा पडतो. तो रंग बहुधा गंधकाच्या धुरीचा असतो. त्या पुड्यावर २२० आहे का, हे देण्यापूर्वी पाहावे; सुटा माल असेल तर काळ्या मनुका द्याव्यात.