अपील नंतर, आधी आपली प्रत मागा



1937 साली 31 जुलैला बाबासाहेब धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी तिथे लोक जमतात. जळगाव-धुळ्यातले आम्ही कार्यकर्ते तिथले फोटो आणि भाषणे एका सोशल मीडिया खात्यावर टाकत होतो. मग एका माणसाने केलेली जातीवाचक शिवीगाळ आम्ही उघड केली, कुणीतरी आमचीच पोस्ट रिपोर्ट केली आणि खाते निलंबित झाले. आम्ही अपील करून वाट पाहत बसलो. मुदत संपली, खाते कायमचे बंद झाले आणि पाच वर्षांचे फोटो गेले.

कंपनीने अन्याय केलाच. पण खाते परत मागणे आणि खात्यातली आपली माहिती मागणे या दोन वेगळ्या मागण्या आहेत, हे आम्हालाही उमगले नव्हते.

म्हणून निलंबनाचा संदेश दिसताच आधी त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. लॉगिन होत असेल, तर त्याच पडद्यावर Download your information असा पर्याय बऱ्याचदा असतो. तिथे संपूर्ण कालावधी आणि फोटोंचा उच्च दर्जा निवडा, नाहीतर अर्धवट किंवा धूसर माल हाती येतो. फाईल तयार झाल्यावर तिचा दुवा थोडेच दिवस चालतो. उतरवून उघडून पाहा आणि दोन ठिकाणी ठेवा. तिच्यात खासगी मेसेजही असतात. अत्याचाराच्या प्रकरणातल्या पीडितांची नावे त्यात असतील, तर ती फाईल ग्रुपवर फिरवू नका.

पर्यायच नसेल, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला खात्याशी जोडलेल्या ईमेलवरून लिहा. ‘खात्याचा निर्णय काहीही होवो, माझ्या पोस्ट, फोटो व मेसेजची प्रत द्या आणि तोवर काही पुसू नका,’ इतके पुरे. 2021 च्या आयटी नियमांनुसार तक्रारीची पोच 24 तासांत आणि निकाल 7 दिवसांत द्यावा लागतो. उत्तर पटले नाही, तर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर जाता येते.

याच नियमांत खाते रद्द झाल्यावर 180 दिवस माहिती जपण्याची अट आहे. पण ती नोंदणीच्या माहितीसाठी आहे. तिच्या भरवशावर फोटो सोडू नका.

आमचा खरा आक्षेप कायद्यावर आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम 11 आपल्याला माहितीचा ‘सारांश’ मागू देते. युरोपचा कायदा प्रत देतो. त्यात आपले हे कलम नोव्हेंबर 2025 च्या अधिसूचनेनंतर 18 महिन्यांनी लागू होणार. सारांशात लांडोर बंगल्यावरचा एकही चेहरा दिसणार नाही. निलंबित खातेदारालाही पूर्ण प्रत मिळालीच पाहिजे, ही मागणी आता चळवळीच्या निवेदनांत आली पाहिजे.

तोवर प्रत्येक 31 जुलैनंतर, खाते चालू असतानाच, ती फाईल उतरवून ठेवा.