आकडे वेगळे, पण पेपर सारखाच हवा

कॉपी टाळायला मॅनेजमेंट अकाउंटिंगच्या प्रत्येक पेपरात वेगळे आकडे द्यायचे, ही कल्पना चांगलीच आहे. पण आम्ही प्रोग्रॅमवाले किंमत, खर्च सगळंच रँडम काढून मोकळे होतो, आणि घोळ तिथेच होतो असं माझं मत.

आता हेच बघा ना. एकाच्या पेपरात विक्रीची किंमत ५० रुपये, नगामागे बदलता खर्च ३० आणि स्थिर खर्च ६०,०००. नगामागे कॉन्ट्रिब्युशन २०, म्हणजे ब्रेक-इव्हन ३,००० नगांना. विषय संपला! शेजारच्याला मात्र ४७, २९ आणि ६५,०००. उत्तर ३,६११.११. तो बिचारा 'चुकलं की काय' म्हणून तीनदा तपासत बसणार. वर ३,६११ लिहिलं तर अजून २ रुपये तोटाच, ३,६१२ लिहायला हवेत.

उपाय सोपा आहे, उलटं चालायचं. आधी कॉन्ट्रिब्युशन आणि उत्तरातले नग ठरवायचे, मग त्यांचा गुणाकार म्हणजेच स्थिर खर्च.

तरी एक सापळा उरतोच. किंमत ५० आणि बदलता खर्च २५ आला, तर कॉन्ट्रिब्युशनही २५! मग स्थिर खर्चाला चुकून बदलत्या खर्चाने भागणाऱ्यालाही पूर्ण मार्क. म्हणून प्रोग्रॅमने प्रत्येक गणित या चुकीच्या पद्धतीनेही सोडवून बघावं. उत्तरं जुळली तर ते आकडे बाद.

अपूर्णांकातलं उत्तर विचारायचंय? जरूर विचारा. पण मग सगळ्यांनाच.