एकोणीस वर्षांनी चंद्र जुन्या तारखेला का येतो?

११ ऑगस्ट १९९९ चे सूर्यग्रहण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. बुधवार होता, आणि पावसाळी ढगांमुळे पुष्कळांची निराशा झाली होती. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, म्हणजे त्या दिवशी अमावास्या होती हे नक्की. आता २०१८ चे जुने कॅलेंडर सापडले तर ऑगस्टचे पान उघडून पाहा. तिथेही ११ तारखेलाच अमावास्या आहे. मधे एकोणीस वर्षे गेली, तरी चंद्र त्याच तारखेला त्याच जागी परत आला. १९९९ साली आपल्याकडच्या घड्याळात अमावास्येचा क्षण दुपारी साडेचारच्या थोडा पुढे होता, २०१८ साली साडेतीनच्या सुमारास. फरक साधारण सव्वा तासाचा.

हे कसे घडते, ते वहीत साधी वजाबाकी करून कळते. एका चाँदपासून दुसऱ्या चाँदपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. असे बारा महिने मिळून ३५४.३७ दिवस होतात. सूर्याचे वर्ष ३६५.२४ दिवसांचे. म्हणजे चंद्राची बारा महिन्यांची फेरी दरवर्षी जवळजवळ १०.८८ दिवस आधीच संपते. म्हणूनच रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, हे आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते.

आता प्रश्न असा, की हे दहा-अकरा दिवस साठत साठत नेमके पूर्ण चांद्रमहिन्यांइतके कधी होतात? तसे झाले, तरच चंद्र जुन्या तारखेवर जुन्याच रूपात दिसेल.

आठ वर्षांनी पाहू. साठलेले दिवस होतात ८७. तीन चांद्रमहिने म्हणजे ८८.६ दिवस. जवळ आले, पण दीड दिवसाहून थोडे अधिक कमी पडले. अकरा वर्षांनी पाहू. साठलेले दिवस ११९.६, आणि चार चांद्रमहिने म्हणजे ११८.१ दिवस. इथे दीड दिवस जास्त झाले. एका ठिकाणी दीड दिवसाची तूट आहे, दुसऱ्या ठिकाणी जवळपास तेवढीच वाढ. मग आठ आणि अकरा वर्षे एकत्र केली तर? एकोणीस वर्षे होतात, आणि तूट व वाढ एकमेकींना खाऊन टाकतात. साठलेले दिवस २०६.६, सात चांद्रमहिने २०६.७. राहिलेला फरक फक्त दोन तासांचा.

दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर सूर्याची १९ वर्षे आणि चंद्राचे २३५ महिने जवळजवळ सारखेच भरतात. १९ वर्षांचे बारा-बाराप्रमाणे २२८ महिने, आणि वरचे ७. बाबिलोनच्या लोकांना हा हिशेब अडीच हजार वर्षांपूर्वी माहीत होता. अथेन्सच्या मेटनने तो इसवी सनापूर्वी ४३२ मध्ये मांडला, म्हणून युरोपात या चक्राला त्याचे नाव पडले.

या वरच्या सात महिन्यांचे काय करायचे, यावर प्रत्येक समाजाची वाट वेगळी झाली. यहुदी पंचांगात १९ वर्षांत सात वेळा तेरावा महिना घातला जातो. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडचा अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना, हाही त्याच कामासाठी येतो. २००४ साली अधिक श्रावण होता, आणि एकोणीस वर्षांनी २०२३ सालीही अधिक श्रावणच आला. जादा महिना घातल्यामुळे त्यांचे सण ठरलेल्या ऋतूतच राहतात.

हिजरी सनात असा महिना नाही. सूरह तौबाच्या ३६ व्या आणि ३७ व्या आयतींत वर्षाचे महिने बाराच असल्याचे सांगितले आहे, आणि महिने मागेपुढे करण्याच्या 'नसी' या प्रथेचा निषेध केला आहे. त्यामुळे ते सात महिने आपल्याकडे पुढच्या वर्षांत मोजले जातात. याचा परिणाम असा, की एकोणीस वर्षांनी इंग्रजी तारीख तीच आणि चंद्रही तोच, पण महिना सात घरे पुढे गेलेला. आपलेच उदाहरण घ्या. ऑगस्ट १९९९ च्या त्या अमावास्येनंतर जो चाँद दिसला, तो जमादिलावल १४२० चा. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच तारखांना दिसलेला चाँद जिलहिज्ज १४३९ चा होता, आणि २२ ऑगस्टला आपण बकरी ईद साजरी केली. २०३७ मध्ये याच सुमारास रज्जब १४५९ सुरू होईल. महिना आणि चंद्र दोन्ही जुन्या तारखेवर यायला अशी बारा चक्रे लागतात, म्हणजे २२८ वर्षे. तेवढ्यात हिजरी वर्षे बरोबर २३५ होतात.

इथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. 'बत्तीस-तेहतीस वर्षांनी रमजान त्याच ऋतूत येतो' असे आपण ऐकतो, तेही खरे आहे. पण त्या हिशेबात महिना जुन्या जागेच्या जवळ येतो, नेमक्या तारखेवर नाही. ३३ हिजरी वर्षे म्हणजे ३२ इंग्रजी वर्षे आणि वर सहा दिवस. एकोणीसच्या हिशेबात चंद्र तारखेवर येतो, पण महिना बदललेला असतो.

आणखी एक मर्यादा. एकोणीस वर्षांत २९ फेब्रुवारी बहुधा पाच वेळा येते, कधी चार वेळाच. पाच वेळा आली तर चंद्र त्याच तारखेला किंवा थोडा आधी येतो. चार वेळा आली तर बहुतेकदा तारीख एक दिवस पुढे जाते. शिवाय चंद्राची चाल कधी जलद, कधी मंद असते, त्यामुळे काही तासांचा फरक पडतोच. आणि हा सगळा हिशेब अमावास्येच्या क्षणाचा आहे. चाँद डोळ्यांना दिसणे हे सूर्यास्तानंतर तो क्षितिजापासून किती वर आहे आणि आकाश निरभ्र आहे का, यावर अवलंबून असते. म्हणून १९ वर्षांपूर्वीचे कॅलेंडर पाहून ईदचा दिवस ठरवता येत नाही.

मात्र एका ठिकाणी हा हिशेब आपल्या खिशाशी येऊन भिडतो. जकातीचे वर्ष चांद्र आहे. अनेक दुकानदार बांधव सोयीसाठी ३१ मार्चला जमाखर्च बंद करून त्याच दिवशी जकात काढतात. असे १९ वर्षे केले, तर १९ वेळा जकात निघते, पण हिजरी वर्षे झालेली असतात १९ आणि वर सात महिने. तेच ३२ वर्षे चालले, तर अख्ख्या एका वर्षाची जकात राहून जाते. वहीखाते मार्चला बंद करावे, हरकत नाही. पण निसाब पूर्ण झाला ती हिजरी तारीख त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, आणि जकातीचा हिशेब दरवर्षी त्या तारखेला करावा.