विश्लेषण : लेख ‘नीट’ करताना लेखकच कुठे गायब होतो?

आमच्या डेस्कवर वाचकांचे अनुभव येतात. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, कुणी वहीच्या पानाचा फोटो काढून. दोन वर्षांपूर्वी एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टर काकांचा असाच लेख आला. साधारण नऊशे शब्दांचा. जागा सहाशेची होती. मी तो दीड तासात ‘नीट’ केला आणि लावून टाकला. संध्याकाळी काकांचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, छान छापलंय. पण लिहिलं कुणी?”

ते चिडले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. वर नाव त्यांचं, फोटो त्यांचा, प्रसंगही त्यांचेच. मग मी नेमकं केलं काय होतं?

मूळ मजकूर आणि माझी ‘दुरुस्ती’

काकांनी लिहिलेला एक परिच्छेद जसाच्या तसा असा होता :

“मुक्कामाची गाडी. रात्री साडेनऊला गावात पोचायची आता पहाटे साडेपाचला सुटायची. आता मुक्काम म्हणजे काय, तर देवळाचा कट्टा. ड्रायवर गाडीत झोपायचा, मी कट्ट्यावर. त्याचं गाव जवळच होतं पण तो घरी जायचा नाही. उशाला ट्रे. तिकीटाचा ट्रे. त्याच्यात पैसे नसायचे, पैसे पोटाशी पिशवीत, पण तिकीट म्हणजे पैसाच की. एक गठ्ठा गेला की पगारातून कापलं. झोप लागायची, पण हात झोपायचा नाही.”

मी छापलं ते असं :

“पूर्वी मुक्कामाच्या बसच्या वाहकांना पुरेशा सुविधा उपलब्ध नव्हत्या. त्यांना रात्री मंदिराच्या परिसरात झोपावे लागत असे. तिकिटे हरवल्यास त्यांची रक्कम वेतनातून वसूल केली जात असल्याने वाहकांना रात्रभर सतर्क राहावे लागत असे.”

व्याकरणाची चूक एकही नाही. पण ‘मी’ जाऊन ‘वाहक’ आले. कट्ट्याचा ‘परिसर’ झाला. पगाराचं ‘वेतन’ झालं. ट्रे तर गेलाच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘पुरेशा सुविधा उपलब्ध नव्हत्या’ ही तक्रार काकांनी केलेलीच नव्हती. ते फक्त झोप कशी लागायची हे सांगत होते. म्हणजे मी नुसती शैली सपाट केली नाही, तर त्यांच्या तोंडी न बोललेली गोष्ट घातली. संपादनात आवाज गेला की मजकूरही असा हळूच बदलतो, आणि हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बदललेलं वाक्य बातमीसारखं दिसतं.

सपाट म्हणजे नेमकं काय?

मी इंजिनीअरिंग केलं आहे, त्यामुळे मला हे तिथल्या भाषेत पटकन कळलं. सेन्सरच्या नोंदी खडबडीत येतात. त्या गुळगुळीत करायला आम्ही शेजारच्या काही नोंदींची सरासरी काढायचो. आलेख सुबक दिसायचा. पण सरासरी घेताना गोंगाटाबरोबर खरी उंच टोकंही बसायची. हृदयाच्या ठोक्यांचा आलेख असा जास्तच गुळगुळीत केला, तर ठोकाच बुटका होतो. म्हणून आधी ठरवावं लागतं की यातला गोंगाट कुठला आणि ठोका कुठला.

काकांच्या परिच्छेदात सगळ्यात छोटी वाक्यं दोन शब्दांची आहेत आणि सगळ्यात मोठं अकरा शब्दांचं. माझ्या परिच्छेदात सात, आठ आणि पंधरा. ‘उशाला ट्रे’ हे दोन शब्द म्हणजे ठोका होता. मी तो सरासरीत बसवला.

‘मोबाइलवर वाचणाऱ्याला साधं, तटस्थ लिहिलेलं लागतं,’ असं आमच्या क्षेत्रात वारंवार ऐकू येतं. मला ते पटत नाही. छोट्या स्क्रीनवर माझं ‘केली जात असल्याने’वालं वाक्य तीन ओळी खातं आणि क्रियापद शेवटी येतं. काकांची वाक्यं अंगठा न थांबवता वाचता येतात. साधं आणि सपाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चूक कोणती, लकब कोणती?

खरी अडचण इथे आहे. काका चुकाही करतात. ‘तिकीटाचा’ नाही, ‘तिकिटाचा’. ‘ड्रायवर’ नाही, ‘ड्रायव्हर’. पहिल्या ओळीतला ‘आता’ तिथे नकोच, घाईत पडलेला आहे. मग दुसरा ‘आता’ का ठेवायचा?

आता मी पहिल्या वाचनात कीबोर्डला हात लावत नाही. नुसतं वाचते आणि जे तीनपेक्षा जास्त वेळा आलं ते कागदावर लिहिते. काकांच्या पूर्ण लेखात ‘आता’ अकरा वेळा होता. त्यातले बहुतेक एकाच ठिकाणी येत होते, म्हणजे ते वाचकाला एखादी गोष्ट समजावून सांगायला लागायचे तिथे. ‘आता वेबिल म्हणजे काय’, ‘आता डबल बेल कुणी मारायची’. एखादा शब्द ठरावीक जागी, ठरावीक कामाला येत असेल तर ती लकब. कुठेही, कसाही पडत असेल तर ती घाई. दुसरी लकब म्हणजे शब्द परत घेऊन पुढे सरकणं, ‘उशाला ट्रे. तिकिटाचा ट्रे.’ मी तिला पुनरुक्ती समजून खोडलं होतं. तिसरी वाक्याच्या शेवटचा ‘की’.

अर्थात लकब आहे म्हणून अकराही ‘आता’ ठेवायचे असं नाही. सहाशे शब्दांत अकरा आले तर वाचक शब्द मोजायला लागतो. मी पाच ठेवले असते.

शुद्धलेखनाचं काय? इथे नियमांकडेच बोट दाखवण्याची सवय असते. पण मराठी साहित्य महामंडळाच्या नियमावलीतही, जिचे पहिले चौदा नियम १९६२ साली आले, बोलण्याची भाषा लिहिताना ‘असे केले’ऐवजी ‘असं केलं’ लिहायला मुभा आहे. काकांचा अख्खा लेख बोलणंच आहे. तिथे ‘लागत असे’ आणण्याची सक्ती नियमांनी केलेली नव्हती. ती मीच केली.

हाच परिच्छेद आज कसा करेन?

“मुक्कामाची गाडी. रात्री साडेनऊला गावात पोचायची, पहाटे साडेपाचला सुटायची. आता मुक्काम म्हणजे काय, तर देवळाचा कट्टा. ड्रायव्हर गाडीत झोपायचा, मी कट्ट्यावर. उशाला ट्रे. तिकिटाचा ट्रे. त्याच्यात पैसे नसायचे, पैसे पोटाशी पिशवीत, पण तिकीट म्हणजे पैसाच की. एक गठ्ठा हरवला की पगारातून कापलं. झोप लागायची, पण हात झोपायचा नाही.”

फरक शोधावा लागतो. दोन शब्दांचं लेखन सुधारलं. एक ‘आता’ काढून स्वल्पविराम दिला. ड्रायव्हरच्या गावाचं वाक्य काढलं, कारण त्यानंतर लगेच ‘उशाला ट्रे’ आल्यामुळे ट्रे ड्रायव्हरच्या उशाला आहे असं वाटत होतं. आणि ‘गठ्ठा गेला’चं ‘हरवला’ केलं, कारण तिकिटांचा गठ्ठा ‘गेला’ म्हणजे खपला असंही कुणी वाचेल. हा एकच शब्द माझा आहे, त्यामुळे तो त्यांना विचारूनच बदलायला हवा.

मग तीनशे शब्द कमी कुठून करायचे? माझी मूळ चूक इथेच होती. मी प्रत्येक वाक्यातून थोडं थोडं छाटत गेले. प्रत्येक वाक्य एक तृतीयांश पिळलं की प्रत्येकातली लय जाते आणि उरतो तो सारांश. त्याऐवजी अख्खे प्रसंग काढावेत. काकांच्या लेखात बदल्यांची यादी होती आणि शेवटी निरोप समारंभात आभार मानलेल्यांची नावं होती. दोन्ही मिळून जवळपास तेवढे शब्द भरत होते. ते काढले असते तर बाकीच्या वाक्यांना हात लावावाच लागला नसता. म्हणून आधी तुकडे काढायचे, मग लेखन तपासायचं आणि शेवटी न कळणाऱ्या जागांकडे वळायचं. उलट क्रमाने गेलं की आपण अशी वाक्यं चकचकीत करत बसतो जी नंतर जाणारच असतात.

न कळणाऱ्या जागी स्वतःचं वाक्य घालू नये, फोन करावा. वेबिल म्हणजे काय हे मी काकांना नंतर विचारलं. ते म्हणाले, “कंडक्टरचा हिशेब आणि कंडक्टरची कुंडली, एकाच कागदावर.” मी लेखात कंसात लिहिलं होतं, ‘प्रवासातील तिकीटविक्रीचा नोंदतक्ता’.

मोठ्या नावांचंही असंच झालं आहे. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन १८८६ साली गेली. तिच्या कवितांचा पहिला संग्रह १८९० मध्ये निघाला, तेव्हा संपादकांनी तिचे डॅश आणि मध्येच येणारी मोठी अक्षरं बरीचशी नेहमीच्या विरामचिन्हांत बसवली, काही यमकंही सुधारली. हेतू चांगला होता आणि संग्रह खपलाही. तिच्या हस्तलिखितांशी इमान राखणारी एकत्रित आवृत्ती यायला १९५५ साल उजाडलं. तिचं हस्तलिखित निदान जपलेलं होतं. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मूळ लेख फोन बदलला की जातो. त्यामुळे मी आता मूळ प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवते आणि बदल गूगल डॉक्समध्ये ‘सूचना’ म्हणून करते, म्हणजे प्रत्येक खोडलेला शब्द दिसत राहतो.

कुठे थांबायचं?

आवाज राखायचा म्हणजे सगळंच राखायचं असं नाही. एखाद्याची बदनामी होईल असा आरोप, जातीवरून हिणवणारा शब्द, चुकीचं साल, हे ‘त्यांची शैली’ म्हणून सोडता येत नाही. अपघाताच्या किंवा कोर्टाच्या बातमीत तर मी तटस्थ भाषाच धरेन. तिथे वाचक बातमीदाराचा आवाज ऐकायला आलेला नसतो.

उलट टोकाचा धोकाही आहे, आणि आमच्या पिढीला तो जास्त आहे. काकांच्या दुसऱ्या लेखाच्या वेळी एका सहकाऱ्याने उत्साहात दोन ठिकाणी ‘म्हणजे’चं ‘म्हंजी’ केलं. गावाकडचा फील यावा म्हणून. काकांनी आयुष्यात कधी ‘म्हंजी’ लिहिलेलं नाही. माणसाला तो आहे त्यापेक्षा जास्त गावरान करणं हेही त्याला पुसणंच झालं.

त्या लेखाच्या वेळी आम्ही एक सोपी तपासणी केली. छापण्याआधी काकांना फोनवर तो मोठ्याने वाचायला लावला. जिथे ते अडखळले किंवा वाचता वाचता आपोआप दुसरा शब्द बोलून गेले, ते वाक्य बहुतेक वेळा माझं निघालं. अशा चार जागा सापडल्या. तीन मी परत फिरवल्या. चौथ्या जागी त्यांनी माझा शब्द ठेवायला सांगितला, त्यांना तो आवडला होता.

लेख डिजिटलवर तसाच गेला. छापील आवृत्तीत जागा कमी पडली म्हणून शेवटच्या क्षणी पानावर थोडी काटछाट झाली. सकाळी सव्वासातला काकांचा फोन. म्हणाले, “मॅडम, पेपरात माझे दोन ‘आता’ गेले.”