माल गेला, पैसे अडले

ऑनलाइन घेतलेला मिक्सर बिघडलेला निघाला, परत करायचं ठरलं, कुरियरवाला येऊन तो घेऊनही गेला. त्यानंतर तीन आठवडे अॅपवर ‘परतावा प्रक्रियेत आहे’ हेच एक वाक्य. अशा वेळी ग्राहक जो ई-मेल लिहितो त्यात संताप भरपूर असतो, पण उत्तर देणाऱ्याला टोलवाटोलवी करता येणार नाही असा प्रश्न क्वचितच असतो. ‘माझे पैसे कधी मिळतील?’ याला ‘लवकरच’ हे उत्तर पुरतं. कंपनीचा माणूस तेवढंच लिहितो, तक्रार बंद करतो आणि ग्राहक पुन्हा नव्या क्रमांकाने रांगेच्या शेवटी उभा राहतो.

मिक्सर दारातून निघाल्यावर पैसे तीनपैकी एका ठिकाणी अडतात. कुरियरकडून माल गोदामात पोचलेला नसतो. पोचला तरी तपासणी झालेली नसते. किंवा कंपनीने पैसे सोडलेले असतात आणि ते बँकेत रेंगाळतात. तिन्हींची उत्तरं वेगळी, म्हणून मेलमध्ये तीन थेट प्रश्न हवेत. माल गोदामात कोणत्या तारखेला नोंदला? तपासणीचा निकाल काय? पैसे पाठवले असतील तर त्याचा संदर्भ क्रमांक काय? कार्डाच्या परताव्याला एआरएन असतो, यूपीआयला आरआरएन. तो देता येत नसेल तर पैसे निघालेलेच नाहीत असं धरून चालावं. क्रमांक मिळाला, तर तो घेऊन बँकेत जाता येतं आणि भांडण कोणाशी आहे ते कळतं.

‘माल तपासल्याशिवाय पैसे कसे द्यायचे?’ हा कंपनीचा आक्षेप रास्त आहे. रिकामे खोके परत करणारे महाभागही असतात. पण तपासणीची मुदत कंपनीनेच आपल्या परतीच्या धोरणात लिहिलेली असते. ती उलटल्यावर हे कारण उरत नाही. आणि माल वाटेत हरवला असेल, तर तो ग्राहकाचा दोष नाही, कारण कुरियरवाल्याला कंपनीनेच पाठवलेलं होतं. म्हणून वस्तू उचलल्याची तारीख, पावती किंवा संदेश आणि कुरियरचा क्रमांक मेलच्या पहिल्या दोन ओळींतच यावा. अॅपवरची नोंद बदलू शकते. तिचा स्क्रीनशॉट आधीच काढलेला बरा.

मेल कोणाला, हेही तितकंच महत्त्वाचं. ई-वाणिज्याच्या 2020 च्या नियमांनुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची. जुन्या तक्रारींचे क्रमांक जोडून हा मेल नव्याने, त्याच्याच नावे पाठवावा. काहीजण त्यात ‘उशिरापोटी दिवसाला 100 रुपये’ असंही लिहितात. तो रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम फसलेल्या व्यवहारांसाठी आहे, दुकानदाराच्या परताव्यासाठी नाही. चुकीचा नियम दाखवला की कंपनी तेवढ्याच मुद्द्याला उत्तर देते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

महिनाभरात काही झालं नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर हीच मेलची साखळी कामी येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तिथे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही.