नफ्याचा स्क्रीनशॉट नको, तोट्याचा हिशोब पाठवा

ज्युनिअर डेरिव्हेटिव्ह्ज अॅनालिस्टच्या जागेसाठी येणारी कव्हर लेटर्स वाचणं हा माझ्या नोकरीतला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे. नावं बदलतात, मजकूर तोच. ‘मला शेअर बाजाराची प्रचंड आवड आहे, ऑप्शन ग्रीक्सवर माझं प्रभुत्व आहे.’ मग एनआयएसएमच्या परीक्षेचे गुण आणि शेवटी हिरव्या आकड्यांचा स्क्रीनशॉट. सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल सांगतो की, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. माझ्याकडे अर्ज करणारे मात्र झाडून सगळे उरलेल्या सात टक्क्यांतले!

मुळात ही नोकरी कशाची आहे, हे तरी विचारा. ज्युनिअरने सौदे करायचे नसतात. काल संध्याकाळपासून आज संध्याकाळपर्यंत पैसे कुठून आले आणि कुठे गेले, ते त्याने सांगायचं असतं. म्हणून पत्रात एकच सौदा लिहा, शक्यतो तोट्यातला, आणि तो शेवटपर्यंत सोडवा.

उदाहरण घ्या. अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी निफ्टी २५,००० वर आहे असं धरू. एक्सपायरीला सात दिवस आहेत आणि आयव्ही २० टक्के आहे. २५,००० चा कॉल, व्याज बाजूला ठेवलं तर, साधारण २७६ रुपयांना पडतो. दुसऱ्या दिवशी निफ्टी १०० अंकांनी वर जातो. अंदाज बरोबर, पेढे वाटायला हरकत नाही. पण अर्थसंकल्पाची धाकधूक संपल्यामुळे आयव्ही १३ टक्क्यांवर आलेला असतो आणि कॉल २२१ ला मिळत असतो. ५५ रुपये गेले. लॉट ७५ चा धरला तर ४,१२५ रुपयांचा फटका, तोही दलाली आणि कर सोडून.

इथे नव्वद टक्के पत्रं ‘मार्केट मॅनिप्युलेटेड आहे’ म्हणून मोकळी होतील. मला पुढची चार वाक्यं हवी आहेत. डेल्टा निम्मा होता, म्हणून १०० अंकांचे ५० रुपये मिळाले. एका दिवसाच्या थीटाने २० खाल्ले. व्हेगा आयव्हीच्या प्रत्येक टक्क्यामागे सुमारे १३ रुपये होता, त्यामुळे सात टक्क्यांचे ९० गेले. बेरीज उणे ६० येते, प्रत्यक्षात उणे ५५ आहे; उरलेले पाच मुख्यतः गॅमाचे, कारण निफ्टी चढताना डेल्टाही वाढत गेला.

ते पाच रुपये दडपून हिशोब ‘जुळवून’ देणारा उमेदवार मला नको. फरक उघडा ठेवून त्याचं कारण सांगणारा हवा. हा फरक पाचाऐवजी तीसचा निघाला, तर ग्रीक्सना दोष देत बसू नका; बहुधा भावच चुकीचा घेतलेला असतो.

आणि भाव म्हणजे काय, हेही बी.कॉम.ची तीन वर्षं कुणी सांगत नाही. दूरच्या स्ट्राइकवर सकाळी अकराला ४० रुपयांनी सौदा झाला, त्यानंतर कुणी फिरकलंच नाही. संध्याकाळी बिड २२ आणि आस्क ३०. शीटमध्ये ४० भरणारा पोरगा ज्याने तो ऑप्शन घेतलाय त्याला कागदावर श्रीमंत करतो. विकायला गेलं तर हातात २२ येतात. ही चूक पकडणं अवघड नाही. त्या भावावरून काढलेला आयव्ही शेजारच्या दोन्ही स्ट्राइकच्या आयव्हीपासून फटकून दिसतो. ‘शेवटचा सौदा जुना असेल तर मी बिड-आस्कचा मध्य घेतो आणि आयव्ही शेजाऱ्यांशी ताडून पाहतो’ हे एक वाक्य पत्रात दिसलं, तर मी गुणपत्रिका उघडतही नाही.

‘पण आमच्याकडे ट्रेडिंगला पैसे नव्हते’, ही सबब तर मुळीच सांगू नका. वरचा हिशोब करायला एक रुपयाही लागत नाही. एनएसईच्या वेबसाइटवर ऑप्शन चेन फुकट दिसते, एक्सेल घरोघरी आहे. दोन दिवसांचे भाव टिपायचे आणि फरक फोडून दाखवायचा. उलट, वडिलांच्या पैशांवर बॅंक निफ्टीत हात भाजून घेतलेल्याला ‘प्रॅक्टिकल नॉलेज’ आहे असं मी मानत नाही. त्याला फक्त तोटा माहीत असतो. तो थीटामुळे झाला की व्हेगामुळे, हे विचारलं की तो छताकडे बघतो.

तेव्हा आवड, जिद्द, प्रभुत्व हे शब्द काढून टाका. त्या जागेत सहा ओळींचा हिशोब बसतो. तो चुकलेला असला तरी मुलाखतीला बोलावेन, कारण चूक कुठे झाली हे दोघांना मिळून शोधता येतं. अशा शब्दांमध्ये शोधण्यासारखं काहीच नसतं.